पाइपातला दणका: हवेबद्दल माझे मत बदलले

परभणीत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून घरोघरी हौद, मोटार आणि गच्चीवरची टाकी आहे. मोटार बंद केली की अनेक घरांत भिंतीतून धाड्‌कन आवाज येतो. त्यावर सगळ्यांचे ठरलेले उत्तर असते, "पाइपात हवा धरली." मीही अनेक वर्षे तेच सांगत होतो. आता सांगत नाही.

हवेचा आवाज वेगळा असतो. नळ आल्यावर तोटी फसफसते, पाणी उडत उडत येते, ती हवा. एकच जोरदार दणका हा धावते पाणी एकदम अडल्याचा असतो. मॉस्कोत निकोलाय झुकोव्स्की यांनी 1898 साली याचे गणित मांडले. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबले, तर सुमारे 120 मीटर उंच पाण्याइतका जादा दाब उसळतो. पीव्हीसी लवचीक असल्याने त्यात तो साधारण 40 मीटर भरतो. पण बारा मीटरच्या पाइपात तेच पाणी सेकंदभरात हळूहळू थांबवले, तर जादा दाब एक-दीड मीटरच उरतो. म्हणून पाव फेऱ्याचा कॉक झटक्यात फिरवू नये.

मोटारीचे असे होते. बटण बंद केल्यावर उभ्या पाइपातले पाणी क्षणभर वर चढते, थांबते आणि उलटे खाली येते. झडपेच्या एनआरव्हीची झडप तोवर उघडीच राहिली असेल, तर परतणारे पाणीच तिला आपटून बंद करते. खात्री करायची तर हौदावरच्या साध्या मोनोब्लॉकचा वरचा कॉक सावकाश मिटवा आणि लगेच मोटार बंद करा. दणका आला नाही, तर दोष परतीच्या पाण्याचा.

अशा ठिकाणी मी आता स्प्रिंगचा एनआरव्ही बसवायला सांगतो. पाणी उलटण्याआधीच स्प्रिंग झडप मिटवते. ती थोडा दाब खाते, त्यामुळे टाकी भरायला किंचित जास्त वेळ लागतो, तेवढे चालवून घ्यावे. एनआरव्ही बदलूनही पाइप भिंतीवर आपटत असेल, तर क्लॅम्प सैल आहेत. पाइप आणि क्लॅम्प यांच्यात रबर घालून ते आवळावेत.

प्रेशर पंप असलेल्या घरात वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटक्यात मिटतो, आणि तो काही आपल्या हातात नसतो. तिथे जोडणीजवळ टोपण लावलेला हातभर उभा पाइप ठेवतात. त्यात कोंडलेली हवा दाबली जाते आणि धक्का पिते. मी जिला दोष देत होतो, तीच हवा इथे उपाय ठरते. मात्र ती हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांनी दणका परत येतो. तेव्हा पंप बंद करून टाकीचा कॉक मिटवावा, वरची आणि सगळ्यात खालची तोटी उघडून लाइन पूर्ण रिकामी करावी, म्हणजे उभ्या पाइपात पुन्हा हवा भरते.