बेबाकीचा दाखला

जर्मन भाषेत ‘मीटशुल्डनफ्रायहाइट्सबेशायनिगुंग’ असा एक शब्द आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, समोरच्याला शिंक आली असावी. पण शब्द फोडला की सोपा आहे. मीट म्हणजे भाडं, शुल्डन म्हणजे देणं, फ्रायहाइट म्हणजे मुक्ती आणि बेशायनिगुंग म्हणजे दाखला. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज फिटल्यावर बेबाकीचा दाखला मिळतो, तसाच हा. तुम्ही भाडेकरू होतात आणि तुमच्याकडे भाड्याची बाकी नाही, असं आधीच्या घरमालकानं लिहून द्यायचं. नवीन घरासाठी अर्ज करताना पगाराच्या तीन स्लिपा आणि शूफाचा पतअहवाल यांच्या शेजारी हा कागद लागतो. बाकीचे कागद पैसे भरले की मिळतात किंवा ऑफिसमधून मिळतात. हा एकच कागद दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर असतो.

म्युनिकमध्ये मी साडेतीन वर्षं एका खोलीच्या घरात राहत होतो. लग्न झालं, बायको जूनमध्ये येणार होती आणि त्या घरात दोन माणसांनी एकाच वेळी ऑनलाइन मीटिंगला बसायचं तर एकाला बाथरूममध्ये जावं लागलं असतं. मार्चमध्ये दोन खोल्यांचं एक घर पसंत पडलं, तिकडच्या मालकाच्या एजंटलाही आम्ही पसंत पडलो. त्यानं ईमेलमध्ये एक फॉर्म पाठवला. ‘आधीच्या घरमालकाकडून भरून आणा, शुक्रवारपर्यंत.’ तो दिवस मंगळवार होता.

इथे पहिली भीती वाटते ती अशी, की जुन्या मालकाकडे दाखला मागितला म्हणजे आपण जाणार हे सांगितलं. नवीन घर अजून हातात नाही आणि जुनंही गेलं तर? पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या माणसाला ही भीती जन्मजात असते. जर्मनीत तिला फारसा आधार नाही. मुदत न घातलेला करार असेल, तर मालकाला तो संपवण्यासाठी कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. स्वतःला राहायला जागा हवी हे एक कारण, भाडेकरू भाडं थकवतो हे दुसरं. ‘हा दुसरं घर शोधतोय’ हे कारण नाही. अपवाद आहे तो दोनच सदनिका असलेल्या आणि मालक स्वतः राहत असलेल्या घराचा. तिथे कारणाशिवायही नोटीस देता येते, फक्त मुदत तीन महिन्यांनी वाढते. आमच्या इमारतीत आठ घरं होती, त्यामुळे मी निर्धास्तपणे तळमजल्यावरच्या घरमालकीणबाईंची बेल वाजवली.

बाई सत्तरीच्या. साडेतीन वर्षांत आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत आलो होतो. त्यांनी चष्मा लावून एजंटचा फॉर्म नीट वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

“यावर मी सही करणार नाही.”

“का? माझी काही तक्रार आहे का?”

“तुमची नाही. या फॉर्मची आहे.”

फॉर्ममध्ये सात प्रश्न होते. भाडं वेळेवर येतं का, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या का, याच भाडेकरूला तुम्ही पुन्हा घर द्याल का, असे. शेवटी छापील वाक्य होतं : ‘भाडेकरूनं करारातल्या सर्व जबाबदाऱ्या पूर्ण केल्या आहेत.’ बाईंचं बोट तिथे थांबलं होतं.

“२०२४चा हिशेब अजून झालेला नाही,” त्या म्हणाल्या. “सगळं पूर्ण झालं असं मी आज कसं लिहू?”

त्यांचं म्हणणं समजायला इथलं भाडं कसं बनतं ते कळायला हवं. माझं मूळ भाडं ७६० युरो होतं, त्याला ‘थंड भाडं’ म्हणतात. त्यावर पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई यांसाठी दरमहा १९० युरो आगाऊ. एकूण ९५०, हे ‘गरम भाडं’. ते १९० अंदाजाचे असतात. वर्ष संपल्यावर मालक खरा खर्च मोजतो, आणि कमी पडलं तर भाडेकरूनं भरायचं, जास्त झालं तर मालकानं परत द्यायचं. हा हिशेब देण्यासाठी मालकाला ते वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. म्हणजे २०२४चा हिशेब ३१ डिसेंबर २०२५पर्यंत कधीही येऊ शकतो. मी वर्षभरात २,२८० युरो आगाऊ भरले होते. खर्च २,५०० निघाला तर २२० माझ्याकडून येणं. ‘सर्व जबाबदाऱ्या पूर्ण’ असं आज लिहून दिलं, तर त्या २२० युरोंवर आपणच पाणी सोडलं असं उद्या कोणी म्हणेल, ही त्यांची शंका.

शंका म्हातारपणाची वाटली, तरी कायद्याची होती. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं, बुंडेसगेरिश्ट्सहोफनं, ३० सप्टेंबर २००९ रोजी नेमका हाच प्रश्न सोडवला आहे. घर सोडणाऱ्या भाडेकरूला असा दाखला मागण्याचा हक्क आहे का? निकाल : करारात तसं ठरलं नसेल तर नाही. ज्याचा अर्थ ‘आता आमच्यात काही देणंघेणं उरलं नाही’ असा लागू शकेल, असं निवेदन मालकानं द्यावं ही अपेक्षा करता येत नाही. गंमत म्हणजे याच देशात दुसरा एक दाखला मालकाला द्यावाच लागतो. अमुक माणूस अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आला, असा. महापालिकेत पत्ता नोंदवायला तो लागतो आणि न देणाऱ्याला दंड होऊ शकतो. राहतोय हे सांगणं सक्तीचं, पण भाडं भरलंय हे सांगणं ऐच्छिक.

ऑफिसमधला नाशिकचा एक मित्र म्हणाला, “अरे, एवढं काय? टेम्प्लेट घे, मार सही. कोण विचारतंय.” हा सल्ला ज्यांना मिळतो त्यांच्यासाठी एक तारीख सांगून ठेवतो. ९ एप्रिल २०१४ला त्याच न्यायालयानं म्हटलं, की बनावट दाखला देऊन मिळवलेलं घर मालक तडकाफडकी सोडायला लावू शकतो. म्हणजे राहायला गेल्यावर दोन वर्षांनी जरी उघडकीला आलं, तरी घर आणि विश्वास दोन्ही जाण्याची वेळ येते.

बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा खाली गेलो, फॉर्म न घेता. विचारलं, “तुम्हाला आज खात्रीनं काय लिहिता येईल?” हा प्रश्न बाईंना आवडला. त्यांनी बँकेचे कागद ठेवलेली फाइल काढली. १ सप्टेंबर २०२१पासून मार्च २०२५पर्यंत ४३ भाडी. मी पहिल्या महिन्यातच बँकेला कायमची सूचना देऊन ठेवली होती, त्यामुळे रक्कम महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी जात होती. कायद्यानं तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा असते. २०२३च्या हिशेबात माझ्याकडे १४० युरो निघाले होते, तेही डिसेंबरमध्ये भरलेले. त्यांनी पेन्सिलनं ४३ टिका केल्या. मला चहा विचारला नाही. काम चालू होतं.

मग आम्ही चार वाक्यं लिहिली. मराठीत ती साधारण अशी होतील :

‘श्री. अमुक हे १ सप्टेंबर २०२१पासून या पत्त्यावरच्या, तिसऱ्या मजल्यावरील डाव्या हाताच्या घराचे भाडेकरू आहेत. करारानुसार दरमहा देय असलेलं भाडं, खर्चाच्या आगाऊ रकमेसह, मार्च २०२५पर्यंत पूर्ण मिळालं आहे. आजच्या तारखेला भाड्याची थकबाकी नाही. २०२४पासूनच्या खर्चाचा हिशेब व्हायचा आहे आणि त्यातून निघणाऱ्या येण्यादेण्यावर या दाखल्याचा परिणाम होत नाही.’

खाली तारीख, सही आणि करारात आहे तसंच पूर्ण नाव.

शेवटचं वाक्य पाहून माझ्या पोटात गोळा आला. एजंटला वाटेल की काहीतरी वाद आहे. बाई म्हणाल्या, “ज्याला घरं भाड्यानं द्यायची सवय आहे, त्याला हे वाक्य ओळखीचं असतं. ज्याला नाही, त्याला हिशेब कळत नाही, असं समजा.” मी धीर करून विचारलं, की मी चांगला भाडेकरू आहे असंही एक वाक्य टाकाल का. त्यांनी मान हलवली. “चांगला म्हणजे काय, ते नवीन मालकाला माहीत नाही. ४३ म्हणजे काय, ते माहीत आहे.”

हे नंतर पुष्कळ वेळा आठवलं. आपल्याकडे भाडेकरूची शिफारस म्हणजे एक फोन असतो. ‘पोरं चांगल्या घरची आहेत, त्रास नाही.’ त्या फोनमध्ये ऊब असते, पण त्यात पोरांचं आडनाव, जेवण, लग्न सगळं तोललं जातं. शिवाय कौतुकाची एक अडचण आहे : ज्या भाडेकरूपासून सुटका हवी आहे, त्याचंही मालक तोंड भरून कौतुक करू शकतो. म्हणून अनुभवी मालक विशेषणं वाचत नाही. तो पाहतो, की सही करणारा करारातलाच मालक आहे का, घराचा पत्ता अर्जातल्या पत्त्याशी जुळतो का, किती काळाबद्दल लिहिलंय आणि तारीख ताजी आहे का. सहा महिन्यांपूर्वीची बेबाकी आजचं काहीच सांगत नाही.

बाईंनी चार ओळीही द्यायला नकार दिला असता, तर? तरी रस्ता होता. भरलेल्या पैशांची लेखी पावती मागण्याचा हक्क जर्मन दिवाणी संहितेच्या ३६८व्या कलमानं प्रत्येकाला दिला आहे. ती मालकाला नाकारता येत नाही, कारण पावती फक्त ‘मिळाले’ एवढंच म्हणते. त्याच्या जोडीला भाडेकराराची प्रत आणि बँकेच्या बारा महिन्यांच्या नोंदी द्यायच्या. भाड्याच्या ओळी सोडून बाकी सगळं काळं करून. आपण किराणा कुठून आणतो हे नवीन मालकाला कळायची गरज नाही.

गुरुवारी मी एजंटला दाखला पाठवला आणि वर एक ओळ लिहिली : ‘घरमालकीणबाई फॉर्म भरत नाहीत, पण थकबाकीबद्दल त्यांचं लेखी निवेदन सोबत आहे.’ रिकाम्या राहिलेल्या प्रश्नांबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. सोमवारी कराराचा मसुदा आला. १ एप्रिलला नवीन करारावर सही झाली आणि त्याच दुपारी मी बाईंना सोडचिठ्ठी दिली, कागदावर, सहीनिशी, कारण ईमेलनं दिलेली चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत ती पोचली, म्हणून एप्रिल धरला गेला आणि जुना करार ३० जूनला संपला. नवीन घर १ जूनपासून होतं. एक महिना दोन्हीकडचं भाडं पडलं, ते आधीच मोजून ठेवलं होतं.

२०२४चा हिशेब ऑक्टोबरमध्ये नव्या पत्त्यावर आला. माझ्याकडे ८६ युरो निघत होते. मी भरले. पाठोपाठ बाईंची पावती आली, मी न मागता.