सांभाळून घेण्याचा हिशेब

महिला दिनाच्या कार्यक्रमांना आम्ही सहसा जात नाही. गुलाबाचे फूल, पाककृती स्पर्धा आणि ‘स्त्रीशक्ती’ या विषयावरचे एक भाषण, एवढ्यावर तो दिवस आटोपतो याचा अनुभव पुरेसा आहे. यंदा मात्र पिंपरीकडच्या एका कारखान्याने आम्हा दोघा-तिघा मराठीच्या प्राध्यापकांना निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय होता ‘नोकरी करणारी आई : तारेवरची कसरत’. आलेल्या एकोणीस निबंधांपैकी बहुतेकांत पहाटे उठणारी, डबे भरणारी, सासूबाईंचे पथ्य सांभाळून बस गाठणारी आई होती. ती थकत होती, पण हसत होती. पगाराचा उल्लेख एकाही निबंधात नव्हता. हे आमच्याही ध्यानात आले ते नंतर, खरेदी विभागाच्या व्यवस्थापक असलेल्या बाई बोलायला उभ्या राहिल्यावर.

बाई पन्नाशीच्या अलीकडच्या. हातात एक घडी घातलेला कागद. “मी आज आईविषयी बोलणार नाही, शेऱ्याविषयी बोलणार आहे,” असे त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू उमटले. शेरा म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यातला शेवटचा रकाना. त्यांच्याकडे ‘उत्तम’ शेरा असेल तर बारा टक्के वेतनवाढ मिळते आणि ‘समाधानकारक’ असेल तर सहा टक्के. सलग तीन वर्षे ‘उत्तम’ मिळाले तर पदोन्नतीसाठी नाव पुढे जाते. नियमात स्त्री-पुरुष असा भेद कुठेही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मग त्यांनी आपल्याच विभागातल्या दोघांची गोष्ट सांगितली. नावे घेतली नाहीत, आकडे हिशेबाला सोपे करून घेतले. एक पुरुष आणि एक स्त्री. एकाच दिवशी रुजू झालेले, पाचव्या वर्षी दोघांचाही पगार पन्नास हजार. दोघांना वर्षाला अठ्ठेचाळीस पुरवठादारांचे करार नव्याने करण्याचे उद्दिष्ट. त्या वर्षी तिने एप्रिल ते सप्टेंबर काम केले आणि ऑक्टोबरपासून ती प्रसूती रजेवर गेली. मार्चअखेर तक्ता भरला गेला तेव्हा त्याच्या नावापुढे पन्नास करार होते, तिच्या नावापुढे सव्वीस. अठ्ठेचाळिसांपैकी पन्नास म्हणजे ‘उत्तम’ आणि अठ्ठेचाळिसांपैकी सव्वीस म्हणजे खरे तर त्याहून पुष्कळ खालचा शेरा. पण साहेबांनी तिला सांभाळून घेतले आणि ‘समाधानकारक’ लिहिले.

“आता जरा मोजा,” बाई म्हणाल्या. ती सहा महिने कामावर होती. सहा महिन्यांचे उद्दिष्ट चोवीस. चोवीसांपैकी सव्वीस म्हणजे एकशे आठ टक्के. त्याचे वर्षभराचे काम एकशे चार टक्के. म्हणजे जितका काळ ती टेबलाशी होती तितका काळ ती त्याच्या पुढे होती, आणि शेरा मात्र एक पायरी खालचा. रजा कायदेशीर होती, रजेतला पगारही पूर्ण मिळाला होता. पण रजेचे सहा महिने उद्दिष्टातून वजा करायचे कुणाला सुचले नाही. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

पुढचा भाग अधिक बारकाईने ऐकण्यासारखा होता. एप्रिलमध्ये ती परत आली. दरम्यान तिचे मोठे पुरवठादार दुसऱ्यांकडे गेलेले. ते परत मागून घ्यावेत तर त्यात चेन्नई-जमशेदपूरचे दौरे. “बाळ लहान आहे, तिला कशाला दगदग?” असा विचार होऊन तिला लेखनसामग्री, गणवेश, उपाहारगृहाचा किराणा असले किरकोळ करार देण्यात आले. तिला विचारले नव्हते. ते काम तिने चोख केले, पण त्या कामात ‘उत्तम’ ठरण्यासारखे काही नव्हतेच. दुसऱ्या वर्षीही ‘समाधानकारक’. दोन वर्षांनी त्याचा पगार बासष्ट हजार सातशे वीस आणि तिचा छप्पन्न हजार एकशे ऐंशी. फरक साडेसहा हजारांचा.

त्यानंतरची पाच वर्षे दोघांनाही दरवर्षी ‘उत्तम’च मिळाले, असे धरा. पदोन्नतीचा प्रश्न बाजूला ठेवा. दरवर्षी दोघांना तेच बारा टक्के. पाच वर्षांच्या शेवटी तो एक लाख दहा हजार पाचशेच्या आसपास आणि ती नव्याण्णव हजारांवर. फरक साडेअकरा हजारांचा, तोही दरमहा. या पाच वर्षांत कुणीही तिच्यावर अन्याय केला नाही. टक्केवारीची वाढ आधीच्या पगारावर मोजली जाते, एवढेच. आणि पदोन्नती हिशेबात घेतली, तर सलग तीन ‘उत्तम’ची मोजणी तिच्यासाठी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली.

सभागृहात शांतता होती. तेव्हा बाई म्हणाल्या, “ते दोन्ही शेरे मीच लिहिले होते. मला दोन मुले आहेत. दुसऱ्या वेळी मलाही असेच सांभाळून घेतले होते. त्या काळी मला ते उपकारच वाटले, म्हणून मी तेच पुढे केले.”

या कबुलीनंतर त्यांनी कायद्याचा विषय काढला. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. तो आता २०१९च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. त्या कायद्याखालचा गाजलेला खटला मुंबईचाच. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजकंपनीतील लघुलेखिका ऑड्री डी’कोस्टा यांनी पुरुष लघुलेखकांइतके वेतन मागितले. कंपनीचे म्हणणे असे की वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ‘गोपनीय महिला लघुलेखिका’ हा वर्गच वेगळा आहे, आणि वेतनश्रेणी कामगार संघटनेशी झालेल्या करारातून ठरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे म्हणणे फेटाळले. काम सारखे असेल तर करारही भेदभावाला वैध ठरवू शकत नाही, आणि कंपनीची ऐपत नाही ही सबबही चालत नाही. “त्या बाईंना एक सोय होती,” वक्त्या म्हणाल्या. “भेद पदाच्या नावातच लिहिलेला होता. बोट ठेवायला जागा होती. आमच्या तक्त्यात बोट कुठे ठेवणार? तिथे सगळे शेरे आहेत आणि सगळ्यांखाली सह्या आहेत.”

हा दंड बाळंतपणाचा नसून आईपणाचा आहे, हे सांगताना त्यांनी अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ शेली कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७च्या प्रयोगाचा दाखला दिला. तोलामोलाचे दोन काल्पनिक अर्ज. एकात पालक-शिक्षक संघाच्या कामाचा उल्लेख, म्हणजे उमेदवाराला मूल आहे एवढेच त्यातून कळावे. मूल नसलेल्या स्त्रीला मालकांकडून आलेली बोलावणी आईच्या दुप्पट होती, आणि ज्यांच्याकडून पगार सुचवून घेतला त्यांनी आईला कमी पगार सुचवला. बापांचे मात्र काही बिघडले नाही. त्यांना उलट थोडा जास्तच सुचवला गेला. तिथे रजाही नव्हती आणि अपुरे उद्दिष्टही नव्हते. होता तो फक्त एक समज.

प्रश्नोत्तरांत मनुष्यबळ विभागाच्या एका गृहस्थांनी सरळ विचारले, “मॅडम, पण जो वर्षभर राबला त्याच्यावर हा अन्याय नाही का?” बाईंनी प्रश्न टाळला नाही. त्याने बारा महिने काम केले, त्याचा पगार त्याला बारा महिने मिळाला, आणि त्याचे ‘उत्तम’ही कुणी काढून घेत नाही, असे त्या म्हणाल्या. शेरा हा हजेरीचा नसतो, कामाच्या दर्जाचा असतो. मागण्या त्यांनी तीनच मांडल्या. रजेचे महिने उद्दिष्टातून वजा व्हावेत. संपूर्ण वर्षच रजेत गेले तर त्याआधीच्या वर्षाचा शेरा कायम धरावा. आणि परत आल्यावर कोणते काम मिळणार, हे रजेवर जाण्यापूर्वी लेखी ठरावे; त्यात बदल करायचा तर तिला विचारून. आपल्या विभागात हे लागू झाले आहे का हे पाहण्याची रीतही त्यांनी सांगितली. रजा घेतलेल्या प्रत्येकीचे तीन शेरे शेजारी ठेवावेत : रजेआधीचा, रजेच्या वर्षाचा आणि नंतरचा. बहुतेकींचा शेरा मधल्या वर्षीच उतरत असेल, तर दोष त्या बायकांचा नाही.

याने सगळे सुटत नाही, हेही त्या बोलल्या. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पण जिथे राज्य विमा योजना लागू नाही तिथे त्या रजेचा सगळा खर्च मालकावर पडतो. आणि खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसही रजा दिलेली नाही. त्यामुळे मुलाखतीला बसलेल्याच्या मनात नवविवाहित मुलीपुढे एक आकडा आपोआप उभा राहतो. त्या आकड्यावर तक्त्यातला रकाना हा उपाय नव्हे.

परतताना बसमध्ये आम्ही फारसे बोललो नाही. आमचा धंदा शब्दांचा, म्हणून ‘सांभाळून घेणे’ हा शब्दप्रयोग मनात घोळत राहिला. मराठीत हा प्रयोग जिव्हाळ्याचा. चूक झाली, उणे पडले, तर सांभाळून घ्यावे. म्हणजे सांभाळून घेण्याआधी काहीतरी उणे आहे असे धरलेले असते. तिचे तर उणे नव्हतेच, दोन करार अधिकच होते.

आणि मग आम्हाला आमचा विभाग आठवला. महाविद्यालयात वेतनश्रेणी सर्वांना एकच, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे अशी आमची समजूत. पण वरच्या श्रेणीत जायचे तर उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग पूर्ण करावे लागतात, आणि ते तीन-चार आठवडे चालणारे. आमच्याबरोबर रुजू झालेल्या एक सहकारी मूल लहान म्हणून दोनदा त्या वर्गाला जाऊ शकल्या नाहीत. त्यांची पदोन्नतीची तारीख आमच्याहून मागे पडली ती पडलीच. चर्चासत्राचे समन्वयकपदही आम्ही त्यांना दिले नव्हते. “त्यांना कशाला त्रास?” हे वाक्य विभागाच्या बैठकीत आमच्यापैकीच एकाने उच्चारले होते, आणि इतरांनी माना डोलावल्या होत्या. त्या स्वतः त्या दिवशी बैठकीला नव्हत्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींचा तर विषयच निघत नाही. तास नाही तर मानधन नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईलच असे नाही.

निबंधाचे पहिले बक्षीस आम्ही कार्यक्रमाआधीच ठरवून दिले होते. तो निबंध खरोखर चांगला होता. लिहिणारी मुलगी भांडार विभागातली, आठ महिन्यांच्या बाळाची आई. व्यासपीठावरून उतरताना तिने वक्त्या बाईंना थांबवून काहीतरी विचारले. आम्हाला ऐकू आले ते एवढेच : “मॅडम, माझा मागच्या वर्षीचा शेरा मला बघायला मिळेल का?” बाईंनी तो घडी घातलेला कागद उलटा केला आणि त्यावर तिचे नाव व कर्मचारी क्रमांक लिहून घेतला.