आईच्या लुगड्याचा रंग

परवा सकाळी चहा पिताना माझी नात म्हणाली, "आजोबा, काल मला स्वप्नात लालभडक विमान दिसलं." मी सहज विचारले, "लाल कशावरून?" साखर गोड कशावरून, असेच जणू मी विचारले होते, अशा नजरेने ती माझ्याकडे पाहू लागली. "म्हणजे? तुमच्या स्वप्नांत रंग नसतात?"

नसतात, असेच मी आजवर समजत आलो होतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर ती कितीदा तरी स्वप्नात आली. पण आली ती करड्या लुगड्यातच. अक्का मात्र म्हणते, "आईनं करडं लुगडं कधी नेसलं होतं रे खुळ्या? तिचं इरकल हिरवंगार होतं." आमच्या घरात आईचा एकच फोटो आहे, काळापांढरा. स्वप्नात येते ती आई की तो फोटो, ही शंका मला फार दिवस सलते आहे.

त्यात मी कोल्हापूरचा. सिनेमा पाहणे हे आमचे बालपणापासूनचे व्रत. 'प्रभात'ने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला होता. रंगांची छपाई जर्मनीत झाली, पण रंग काही साधले नाहीत. त्यानंतर किती तरी वर्षे आमचे मराठी राजे, पाटील आणि तमासगिरिणी काळ्यापांढऱ्या जगातच नांदल्या. शांतारामबापूंचा रंगीत 'पिंजरा' आला १९७२ साली, तेव्हा मी संसारी गृहस्थ होतो.

मग स्वप्नांचा रंग या पडद्याने पुसला की काय? मिडलटन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली २७७ विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला स्वप्नात रंग दिसतात का? शंभरांतले सत्तर म्हणाले, क्वचित किंवा कधीच नाही. एरिक श्विट्झगेबेल यांनी २००१ साली कॅलिफोर्नियात १२४ विद्यार्थ्यांना तोच प्रश्न केला, तेव्हा तसे म्हणणारे शंभरांत अठराच निघाले. साठ वर्षांत माणसाचे डोळे बदलले नव्हते. बदलला होता पडदा. आणि सिनेमाचा जन्मही झाला नव्हता, तेव्हाच्या जुन्या ग्रंथकारांनी तर स्वप्नातल्या रंगांचा उल्लेख बिनदिक्कत केलेला आहे.

पण बदलले ते स्वप्न, की स्वप्नाविषयीचे आपले बोलणे? १९६२ साली काही संशोधकांनी झोपलेल्या माणसांना ऐन स्वप्नातून उठवून तिथल्या तिथे विचारले. तेव्हा सुमारे ८३ टक्के स्वप्नांत रंग निघाले, आणि तेही काळ्यापांढऱ्या टेलिव्हिजनच्या अमदानीत! म्हणजे न्याहारीपर्यंत रंग विटतो आणि उरलेली जागा आपण ओळखीच्या चित्राने भरतो, असे म्हणावे. तर डंडी येथील ईव्हा मर्झिन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली पाहणी आडवी येते. पंचविशीच्या आतले आणि पंचावन्नच्या पुढचे अशा लोकांना त्यांनी प्रश्न तर विचारलेच, शिवाय स्वप्नांची रोजनिशीही ठेवायला लावली. तरुणांच्या शंभर स्वप्नांत पाचही काळीपांढरी नव्हती. काळ्यापांढऱ्या पडद्यासमोर लहानाचे मोठे झालेल्या वृद्धांची मात्र सुमारे पाव हिस्सा स्वप्ने तशी होती. आणि हा फरक नुसत्या विसराळूपणाचा आहे, असे काही त्यांना आढळले नाही.

श्विट्झगेबेल यांचे म्हणणे याहून चमत्कारिक आहे. कादंबरीत "ती दारात उभी होती" एवढेच लिहिलेले असते. तिच्या लुगड्याचा रंग लेखकाने सांगितलेला नसतो. म्हणून ते करडे ठरत नाही. स्वप्नही कदाचित असेच असेल, रंगीत नाही आणि रंगहीनही नाही.

मी उशाशी वही ठेवली. जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वीच, स्वप्नातली एखादी वस्तू धरायची आणि तिचा रंग स्वतःला विचारायचा. वहीत रकाने तीन: रंग आठवतो, रंग नव्हता, सांगता येत नाही. तिसरा रकाना महत्त्वाचा. तो नसला म्हणजे मन उगाच काहीतरी ठोकून देते. महिन्याभरात एकोणीस स्वप्ने लिहिली. पाचांत रंग होता, दोन निःसंशय करडी होती, बाराजणी तिसऱ्या रकान्यात गेल्या.

त्या बारांत आई एकदा आली. चुलीपुढे बसली होती. भाकरी थापल्याचा आवाज होता, बांगड्यांचा आवाज होता. लुगडे? मी डोळे मिटून पुष्कळ शोधले. करडे म्हणायला पेन्सिल उचलली आणि थांबलो; करडे मला दिसले नव्हते, ते मला फोटोतून ठाऊक होते. मी लिहिले, सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी आई फोटोतून सुटल्यासारखी वाटली.

अक्काला हे सांगितले. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने जुनी वाकळ आणली आणि एका ठिगळावर बोट ठेवले. "हे बघ, आईचं इरकल." धुऊन धुऊन ते पार विटले होते.

"हिरवं आहे ना?" तिने विचारले.

मी ते खिडकीपाशी उजेडात नेले आणि बराच वेळ पाहत राहिलो.