गल्ल्यातली पेन ड्राइव्ह

अंधेरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बापलेकीचा वाद ऐकला. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचा तिचा हट्ट होता.

"आपला हिशोब दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशाला?" अब्बांचा सवाल.

"अब्बा, आता तो कुठे आहे? काउंटरखालच्या कॉम्प्युटरवर. आणि बॅकअपची पेन ड्राइव्ह वरच्या गल्ल्यात. पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जाणार."

अब्बा गप्प झाले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा त्यांच्या उधारीच्या वह्यांचा लगदा झाला होता.

"पण नेट गेलं तर? गिऱ्हाईक थांबणार नाही."

"आधी मोबाइलचं नेट जोडायचं. तेही नसेल तर छापील बिलबुक. जीएसटीत बिलांचे नंबर ओळीने हवेत आणि वर्षभरात एकही दोनदा येता कामा नये, पण मालिका एकाहून जास्त चालतात. हातबिलांची वेगळी मालिका ठेवू, M-001 पासून. नेट आलं की त्याच नंबरांनी चढवायची. असे नंबर सॉफ्टवेअर घेतं का, ते पैसे भरण्याआधी बघून घेऊ."

"आणि उद्या कंपनीने भाडं वाढवलं, किंवा आपणच सोडलं तर?"

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. जीएसटीचा हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, म्हणजे सॉफ्टवेअर सोडलं तरी हिशोब हवाच. मुलीचं उत्तर सरळ होतं: दर महिन्याला विक्री, साठा आणि उधारी एक्सेलमध्ये उतरवायची, फाइल घरी ठेवायची आणि उघडून बेरीज जुळवायची. न उघडलेला बॅकअप हा नुसता भरवसा, पुरावा नव्हे.

शेवटी १ एप्रिलपासून जायचं ठरलं, कारण नव्या वर्षी फक्त सुरुवातीच्या शिल्लक रकमा न्याव्या लागतात. त्याआधी मुलीने उधारी चाचणीसाठी चढवून पाहिली. जुन्यात १,८४,६५० रुपये, नव्यात १,८९,८५०. फरक ५,२०० रुपयांचा.

"बघ, गडबड झालीच!" अब्बा म्हणाले.

पण मग त्यांनीच फरकाचं अर्ध केलं: २,६००. "एवढी रक्कम कोणाची आहे, शोध." एका मिस्त्रीने तेवढा ॲडव्हान्स दिला होता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जमा बाजूची रक्कम नावे बाजूला चढली होती. वजा व्हायची ती मिळवली गेली, म्हणून फरक दुप्पट. वहीच्या जमान्यातली ही युक्ती मुलीला ठाऊक नव्हती.

अब्बांनी एकच अट घातली: मालकाचं लॉगिन माझ्या मोबाइल नंबरावर. नोकराला वेगळं, त्यात बिल बनवता येईल, पुसता येणार नाही. मुलीने लगेच कबूल केलं.