वजनाची सरासरी किती दिवसांची धरावी?

हृदयाची ताकद कमी झालेल्या एका काकांना मी रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितले होते. दोन-तीनशे ग्रॅम वर-खाली झाले तरी ते घाबरून फोन करायचे. म्हणून मीच त्यांच्या मुलाला म्हणालो, "रोजचा आकडा नको, सरासरी बघत जा." किती दिवसांची, हे मात्र सांगितले नाही. त्याने मोबाइलवर तीस दिवसांची लावली. पुढे एके दिवशी काका पाय सुजलेले आणि धाप लागलेली, अशा अवस्थेत आले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, रेषा तर सपाट होती हो!"

ती खरेच सपाट होती. आधी वजन ६२ किलोच्या आसपास होते. मग सलग तीन दिवस ६२.६, ६३.३ आणि ६४.१. म्हणजे तीन दिवसांत दोन किलोंची वाढ. एवढ्या वेगाने चरबी वाढत नाही; हे अंगात साठलेले पाणी असते. पण हे तीन आकडे सत्तावीस जुन्या आकड्यांत मिसळले आणि सरासरी जेमतेम ६२.१ झाली. सात दिवसांची ६२.६ झाली असती, तीन दिवसांची ६३.३.

मग तीन दिवसांचीच का नको? कारण ती साध्या चढ-उतारानेही हलते. आपल्याकडे रविवारी मटण, सोबत शेंगाचटणी; मीठ जास्त गेले की सोमवारी काटा थोडा वर जातो. सात दिवसांच्या सरासरीत रविवार नेहमी एकदाच येतो, त्यामुळे आठवड्याचा हा ताल आपोआप निघून जातो. दहा दिवसांच्या सरासरीत तो कधी एकदा येतो, कधी दोनदा, आणि रेषा उगाच डोलते. कोविडच्या काळातही सुट्टीच्या दिवशी चाचण्या कमी होत, म्हणून सात दिवसांची सरासरी पाहत असत.

पण सात दिवसांची सरासरीही साधारण तीन दिवस मागची गोष्ट सांगते. म्हणून तिचा उपयोग नेहमीचे वजन ठरवण्यापुरता करा. धोका ओळखायचा तर आजचा आकडा त्या नेहमीच्या वजनाशी ताडून पाहा. एकच आकडा थोडा वर गेला आणि त्रास काही नसेल, तर उद्या पुन्हा पाहा. रोज चढतच चालला असेल आणि तीन दिवसांत दोन किलोंच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. धाप लागत असेल तर आकड्याचीही वाट पाहू नका.

हे सगळे वजन नीट केले असेल तरच लागू पडते: तोच काटा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, तेवढ्याच कपड्यांत.

काकांची वही आता दोन रकान्यांची आहे: एकात आजचे वजन, दुसऱ्यात सात दिवसांची सरासरी. मी आधी पहिला रकाना बघतो.