पुट म्हणजे भावाचा विमा, कॉल म्हणजे काय? आपल्या हिशोबात सांगतो



गावातली पोरं हल्ली मोबाईलवर 'कॉल घेतला', 'पुट घेतला' असं बोलतात. परवा धान केंद्रावर काटा होईपर्यंत बसलो होतो, तिथेही हाच विषय. एका पोराने विचारलं, काका, हे नेमकं काय असते? तिथं जेवढं सांगितलं तेच जरा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी पीक विमा घ्या. खरीप धानाचा विमा काढताना आपण विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरतो. (२०२३ पासून आपल्या राज्यात एक रुपयात होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा २ टक्के झाला.) पीक बुडालं तर भरपाई मिळते. पीक चांगलं आलं तर हप्ता गेला, पण त्याची कोणी हळहळ करत नाही. पण हा विमा पिकाचा आहे, भावाचा नाही. धान भरघोस आलं आणि भाव पडला तर विमा कंपनी एक पैसा देत नाही.

पुट ऑप्शन हा भावाचा विमा. आज थोडी रक्कम भरायची, तिला प्रीमियम म्हणतात, म्हणजे आपला हप्ता. त्या बदल्यात ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क मिळतो. हक्क आहे, बंधन नाही. बाजारात जास्त भाव मिळाला तर तो हक्क सोडून द्यायचा.

तुम्ही म्हणाल, असं कुठं असते? आपल्याकडेच आहे. धानाचा हमीभाव काय आहे? २०२५-२६ ला साधारण धानाला २३६९ रुपये. व्यापारी १९०० देत असेल तर आपण केंद्रावर जातो. तोच व्यापारी २६०० देईल तर केंद्रावर जा म्हणून कोणी जबरदस्ती करत नाही. हे पुटच झालं, फक्त हप्ता आपण भरत नाही, सरकार भरते. आणि विम्याला जशा शर्ती तशा यालाही आहेत: सातबाऱ्यावर पीक नोंद पाहिजे, मुदतीत नोंदणी पाहिजे, हेक्टरी मर्यादेपेक्षा जास्त माल घेत नाहीत, आणि गोडाऊन भरलं की काटा थांबतो.

आता पैसे भरून घेतलेल्या पुटचा हिशोब करू. बांधीत धानानंतर चणा टाकला आहे. आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत, बाजाराचे नाहीत. पेरणीनंतर तुम्ही एप्रिलचा पुट घेतला, ठरलेला भाव क्विंटलला ५४००, हप्ता १२० रुपये.

एप्रिलमध्ये भाव ४८०० झाला. चणा ४८०० ला विकला, पुटवर ५४०० उणे ४८०० म्हणजे ६०० मिळाले. हप्त्याचे १२० वजा केले, हातात ५२८०.

भाव ६२०० झाला. चणा ६२०० ला विकला, पुटचा उपयोग नाही, १२० गेले. हातात ६०८०.

म्हणजे भाव कितीही पडला तरी ५२८० च्या खाली जात नाही, आणि चढला तर चढलेला भाव तुमचाच. पेरतानाच ५४०० ला सौदा करून टाकला असता तर ६२०० चा फायदा हातून गेला असता. सौद्यात आणि पुटमध्ये हाच फरक.

कॉल याच्या उलट. ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क. हा भाव वाढण्याची भीती असलेल्याचा विमा. कोंबडीपालन करणाऱ्याला चार महिन्यांनी मका घ्यायचा आहे, भाव वाढला तर धंदा बसेल, तो कॉल घेतो. आपल्याला समजायला इसार घ्या. जमिनीचा इसार देऊन भाव बांधला, पुढे जमीन महागली तरी ठरलेल्या भावातच मिळते. नाही घेतली तर इसार बुडाला, बाकी काही नाही. शेतकऱ्यालाही कॉल कामाचा आहे: पैशाची नड म्हणून चणा कापणीलाच विकला, पण पुढे भाव चढेल असं वाटते, तर थोडा हप्ता भरून कॉल घेतला की वाढीतला वाटा हातात राहतो.

हे काही नवीन नाही. आपल्या जुन्या बाजारांत याला तेजी-मंदी म्हणत: कॉल म्हणजे तेजी, पुट म्हणजे मंदी, हप्त्याला नजराणा. १९५२ च्या वायदे कायद्याने शेतमालातले ऑप्शन बंद झाले. पुन्हा परवानगी मिळून जानेवारी २०१८ मध्ये एनसीडीईएक्सवर गवार बियाण्यापासून सुरुवात झाली.

आता विम्याची तुलना कुठं तुटते ते नीट वाचा, कारण पोरं तिथेच फसतात.

पहिलं, विम्यात तुमच्या क्षेत्राचं नुकसान पाहतात. पुटमध्ये तुमचं शेत कोणी पाहत नाही, फक्त करारातला भाव पाहतात. चण्याच्या करारात तो बिकानेरसारख्या लांबच्या केंद्राचा. तिकडे भाव टिकला आणि गोंदियात पडला तर पुट काही देत नाही.

दुसरं, विम्याचा हप्ता ठरलेला. ऑप्शनचा हप्ता रोज बदलतो. तारीख जवळ आली की तो बर्फासारखा वितळतो, आणि भाव पडायला लागल्यावर पुट घ्यायला गेलात तर महाग पडतो. बांधी बुडाल्यावर विमा काढायला गेल्यासारखं.

तिसरं आणि मोठं: विमा घेणाऱ्याचं नुकसान हप्त्याएवढंच, पण देणाऱ्या कंपनीचं किती होईल सांगता येत नाही. ऑप्शन विकणारा त्या कंपनीच्या जागी बसतो. 'हप्ता फुकट मिळते' म्हणून ऑप्शन विकू नका. कंपनी लाखो शेतकऱ्यांचा हप्ता गोळा करून बसते, तुमच्याजवळ दोन एकर आहे.

चौथं, ज्याच्याजवळ माल नाही त्याचा पुट हा विमा नाही, पैज आहे. मोबाईलवर निफ्टीचे ऑप्शन घेणाऱ्या पोरांजवळ विमा काढायला पीकच नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० साध्या माणसांपैकी ९३ तोट्यात, सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास. आपल्याकडे दोन लाख म्हणजे किती धान होते, ते पोरांना मोजून दाखवा.

मग आपण पुट घ्यायचा का? आपल्या बिगर-बासमती धानासह चणा, गहू, मोहरी, सोयाबीन, मूग आणि पामतेल यांचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, आणि मुदत वाढवत ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली होती. म्हणजे वरचा चण्याचा हिशोब समजण्यापुरता. बंदी नसली तरी चण्याचा एक करार १० टनांचा, म्हणजे १०० क्विंटल. एकट्या लहान शेतकऱ्याचं ते काम नाही, दहा-पंधरा जणांनी शेतकरी कंपनीतून घ्यावं लागेल. जितका माल तितकाच पुट, त्यापुढे एक क्विंटलही नको.

तोवर धानाचा बिनहप्त्याचा पुट आपल्याजवळ आहे. त्याची नोंदणीची तारीख चुकवू नका.