शरीफमधला 'ये'

तंजावरच्या राजवाड्यात दुसऱ्या सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, हात जोडून उभा. १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या या राजापुढे मी बराच वेळ घुटमळलो, तो त्याच्या नावापायी. मराठी पुस्तकांत तो कुठे सरफोजी, कुठे शरफोजी, कुठे सर्फोजी. संस्कृतात त्याचा शरभोजी झाला, म्हणजे सिंहालाही भारी पडणारा आठ पायांचा शरभ नावात येऊन बसला. तमिळमध्ये प, फ, ब, भ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे तिथली पाटी सरबोजीही वाचता येते आणि शरभोजीही. एका माणसाला एवढी नावे कशी फुटली?

माग काढत गेले की वाट अहमदनगरला पोचते. मालोजी भोसल्यांना शाह शरीफ या पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले आणि पिराच्याच नावावरून ते शहाजी आणि शरीफजी झाले, असे परंपरा सांगते. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. पुढे तंजावरला राज्य करणारे शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी एका मुलाला वडिलांचे नाव ठेवले आणि दुसऱ्याला काकांचे. तोच पहिला सरफोजी. एवढ्या प्रवासात शरीफमधली दीर्घ ई मात्र कुठेतरी गळून पडली.

गळून पडली म्हणजे काय, हे मला उर्दूची अक्षरे गिरवताना कळले. त्या लिपीत आ, ई, ऊ या लांब स्वरांना अक्षरे आहेत: अलिफ, ये, वाव. आखूड अ, इ, उ यांच्यासाठी जबर, जेर, पेश अशा बारीक खुणा आहेत खऱ्या, पण रोजच्या लिहिण्यात त्या कुणी घालत नाही. शरीफ लिहायचे तर शीन, रे, ये, फे. त्यातला 'ये' काढला की उरतात शीन, रे, फे. आता हे शरफ वाचा, शर्फ वाचा, कागद अडवत नाही. वाचणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असावा लागतो. पुढच्या 'ओजी'तला वावही तसाच लबाड. तो ओ असू शकतो, ऊ असू शकतो, औ किंवा नुसता व असू शकतो.

मग आपल्या दप्तरातली मोडी. तीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. म्हणजे एका लिपीने आखूड स्वर लिहिलाच नाही आणि दुसरीने लिहिला तो लांब की आखूड हे सांगितले नाही. देवनागरीत उतरवणाऱ्याने शेवटी कानाला साक्षीला बोलवायचे, आणि कान तर ज्याचा त्याचा.

माझ्या कानाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. शेजारच्या मुलाचे नाव मी एका यादीत 'साजीद' असे लिहिले. त्याचे आजोबा उर्दूचे जुने मास्तर. चष्मा वर करून म्हणाले, "भाऊ, यात ये कुठून आणला?" मी बावरलो. त्यांनी यादीच्या पाठीमागेच लिहून दाखवले: सीन, अलिफ, जीम, दाल. अलिफ आहे म्हणून 'सा' लांब. जीमनंतर काहीच नाही, तिथे न लिहिलेला जेर, म्हणून 'जि' आखूड. साजिद, हामिद, खालिद, आसिफ हे सगळे एका साच्याचे. शरीफ, हमीद, करीम, रहीम दुसऱ्या साच्याचे. त्यांच्यात अलिफ नाही, पण ये आहे.

चूक माझी होती, पण तिच्यामागे आपले व्याकरणही होते. तत्सम शब्द सोडले, तर अकारान्त शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार मराठी दीर्घ लिहिते: सामील, गाफील, जालीम. हात त्याच सवयीने साजीद, आसीफ, खालीद लिहून मोकळा होतो. माझ्या मते ही सवय नावापुरती तरी आवरावी. सामील-गाफील आता आपले झाले. नाव मात्र ज्याचे आहे त्याचेच असते. महंमद, मोहम्मद, मुहम्मद यांत मात्र मी न्याय करणार नाही. पहिल्या मीमवरचा पेश कुणी 'उ' ऐकतो, कुणी 'ओ', आणि महंमद तर मराठीत फार दिवसांपासून नांदतो आहे.

तंजावरहून नागूर लांब नाही. तिथल्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्याच प्रतापसिंह राजाने बांधून दिला. रोमन लिपीत हमीद आणि हामिद सारखेच दिसतात. उर्दूत ते कधीच एक होत नाहीत. तेव्हा लग्नपत्रिका असो की शाळेचा दाखला, असे नाव देवनागरीत लिहायची वेळ आली तर घरच्या माणसाला एवढेच विचारा: यात ये आहे का?